शोरूममधले दुचाकी कर्ज : दहा टक्क्यांचे साडेतेवीस टक्के कसे होतात

प्रश्न : मी कराडला एका खासगी कंपनीत कामाला आहे, हातात पगार २४,००० येतो. ११० सीसीची स्कूटर घ्यायची आहे. शोरूमने ऑन-रोड १,०८,००० सांगितले. 'डाउन पेमेंट फक्त १८,०००' अशी पाटी होती, पण टेबलावर २६,२५० भरायला सांगत आहेत. ९०,००० कर्ज, १० टक्के व्याज, ३६ महिने, हप्ता ३,२५०. माझ्याकडे ५०,००० जमा आहेत, पण फायनान्सवाला म्हणतो पैसे हातात ठेवा. पाडव्याला गाडी घरी आणायची आहे. हे कर्ज खरेच १० टक्क्यांचे आहे का, आणि घ्यावे कसे? कोटेशन आणि टेबलावर दिलेला हिशेबाचा कागद, दोन्ही जोडले आहेत.

उत्तर :

हे कर्ज दहा टक्क्यांचे नाही. तुमच्या हिशेबाच्या कागदावरचे आकडे जसेच्या तसे धरले, तर त्याचा खरा वार्षिक दर सुमारे साडेतेवीस टक्के पडतो. मी अकरा वर्षे दुचाकी कर्जांच्या विभागात काम केले असून त्यातली बरीच वर्षे शोरूममधल्या अशाच टेबलामागे बसून काढली आहेत. त्यामुळे हा आकडा कोणत्या पायऱ्यांनी वर चढतो, हे तुम्हाला क्रमाने दाखवता येईल. त्याआधी गाडीची किंमत पाहू, कारण फुगलेल्या किमतीवर कर्ज घेतले की त्या फुगवट्यावरही तीन वर्षे व्याज भरावे लागते.

तुमच्या कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत ८२,००० आहे. जीएसटी यातच धरलेला असतो. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, म्हणून कोटेशन त्यानंतरच्या दरपत्रकाचे आहे ना, एवढे पाहून घ्या. हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या शहरासाठी दिसतो आणि त्यात शोरूमला फारसा हात घालता येत नाही. उरलेले २६,००० रुपये मात्र पाच वेगवेगळ्या ओळींत वाटलेले आहेत : आरटीओ ११,२००, विमा ८,४००, ॲक्सेसरीज ३,६००, हँडलिंग १,५०० आणि देखभाल पॅकेज १,३००. सरकारी सक्ती यांपैकी फक्त पहिल्या दोन ओळींमागे आहे, आणि तीही पूर्ण रकमेमागे नाही.

महाराष्ट्रात १०० ते २९९ सीसीच्या पेट्रोल दुचाकीवर एकरकमी वाहनकर ११ टक्के पडतो. ८२,००० वर तो ९,०२० होतो. नोंदणी शुल्क ३००, स्मार्ट कार्डचे २०० आणि कर्ज असल्यामुळे आरसीवर बोजा चढवण्याचे ५०० धरून, किरकोळ उपकर व टपालखर्चासह बेरीज साधारण सव्वादहा हजारांवर थांबते. तुमच्याकडून ११,२०० मागितले आहेत. वरचे साडेनऊशे बहुधा कागद हाताळणाऱ्या माणसाचे असावेत. वाद घालण्याची गरज नाही, 'आरटीओची पावती मिळेल तेवढेच पैसे देईन' एवढे शांतपणे सांगावे. ऑनलाइन भरलेल्या कराची पावती तुमच्याच गाडीच्या नावाने निघते आणि ती मागणे हा तुमचा हक्क आहे.

विम्याच्या बाबतीत नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून आली. ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी २०२२ च्या अधिसूचनेत हा पाच वर्षांचा हप्ता ३,८५१ रुपये ठरवलेला असून १८ टक्के जीएसटी धरून तो ४,५४४ होतो. थर्ड पार्टीचा दर ठरलेला असल्याने त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या एका वर्षाच्या भागात, घसारा न कापता भरपाई देणाऱ्या झिरो डेपसारख्या जोड-संरक्षणात आणि त्यावर मिळणाऱ्या सवलतीत. शोरूममधला विमा बहुतेक वेळा ही सवलत न देता लावलेला असतो. तुमच्यासारख्या गाडीला याच संरक्षणाची पॉलिसी बाहेरून ६,९०० च्या आसपास मिळायला हवी. कोणत्या विमा कंपनीची पॉलिसी घ्यायची हे शोरूम किंवा कर्ज देणारी कंपनी ठरवू शकत नाही. पॉलिसीवर कर्ज देणाऱ्याच्या बोज्याची नोंद हवी, इतकीच त्यांची रास्त अट असते. बाहेरून विमा काढायचा तर चॅसिस आणि इंजिन क्रमांक एक दिवस आधी मागून घ्यावे लागतात, कारण पॉलिसीशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी हे करायला गेलात, तर नाइलाजाने त्यांचाच विमा घ्याल.

हँडलिंग चार्जेस नावाचे कोणतेही शुल्क मोटार वाहन कायद्यात नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणे आणि पुसून उभी करणे हा विक्रेत्याच्या धंद्याचा खर्च आहे आणि तो त्याच्या नफ्यातूनच भागवायचा असतो. देखभाल पॅकेज पहिल्या दिवशी घेण्याची गरज नसते. सुरुवातीच्या ठरावीक सर्व्हिसिंगना मजुरी लागत नाहीच. ॲक्सेसरीजमध्ये गार्ड, मॅट, सीट कव्हर या वस्तू बाजारात निम्म्या किमतीत मिळतात. या ओळीत हेल्मेटचे पैसे लावले असतील तर ते आधी काढायला सांगा, कारण दुचाकी विकताना मानकाप्रमाणे हेल्मेट पुरवण्याची जबाबदारी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्पादकावर टाकलेली आहे.

इतके केल्यावर तुमची ऑन-रोड किंमत ८२,००० अधिक १०,२५० अधिक ६,९००, म्हणजे ९९,१५० होते. सांगितलेल्या किमतीपेक्षा ती ८,८५० ने कमी आहे. सगळेच मान्य होईल असे नाही, परंतु छापील कोटेशन समोर ठेवून एकेका ओळीची पावती मागितली की निम्म्याहून अधिक रक्कम खाली येते, हा माझा अनुभव आहे.

आता 'डाउन पेमेंट फक्त १८,०००' या पाटीकडे येऊ. १,०८,००० मधून ९०,००० कर्ज वजा केले की १८,००० उरतात, एवढ्यापुरती पाटी खरी आहे. कर्ज उभे करण्याचा खर्च मात्र तिच्यात धरलेला नाही. तुमच्या हिशेबाच्या कागदावर प्रोसेसिंग फी जीएसटीसह २,१२४, दस्तऐवज व स्टॅम्पचे ८७६ आणि 'कर्ज संरक्षण' नावाच्या विम्याचे २,००० असे मिळून ५,००० आहेत. त्यावर पहिला हप्ता आगाऊ म्हणून ३,२५०. या दोन रकमा १८,००० मध्ये मिळवल्या की टेबलावरचे २६,२५० येतात. खरेदीच्या दिवशी खिशातून जाणारी एकूण रक्कम म्हणजेच डाउन पेमेंट, असे तुम्ही धरावे. शोरूमची माणसे तो शब्द कोणत्याही अर्थाने वापरोत.

दर वर कसा चढतो, ते आता पाहू. दहा टक्के हा जो दर सांगितला आहे तो फ्लॅट दर आहे. त्यात ९०,००० वर वर्षाला ९,००० याप्रमाणे तीन वर्षांचे २७,००० व्याज आधीच काढून मुद्दलात मिळवतात, आणि १,१७,००० ला ३६ ने भागून ३,२५० चा हप्ता काढतात. यात गृहीत असे धरले जाते की तुम्ही संपूर्ण तीन वर्षे ९०,००० रुपये वापरत आहात. प्रत्यक्षात पहिला हप्ता गेल्यापासूनच मुद्दल उतरायला लागते आणि शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे जेमतेम ३,२०० रुपये उरलेले असतात. तरीही त्या महिन्याच्या हप्त्यात फ्लॅट हिशेबाप्रमाणे ७५० रुपये व्याज असते. सरासरी काढली तर तीन वर्षांत तुमच्या हाती कर्जाच्या निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम असते, पण व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावले जाते. म्हणून बँका ज्या पद्धतीने, म्हणजे दर महिन्याच्या शिल्लक मुद्दलावर, व्याज मोजतात त्या पद्धतीने हाच ३,२५० चा हप्ता १७.९ टक्के वार्षिक दराचा ठरतो. तोंडी अंदाज हवा असेल तर तीन वर्षांच्या मुदतीला फ्लॅट दराच्या १.७५ ते १.८७५ पट धरावी. दहाचे साडेसतरा ते पावणेएकोणीस, या पट्ट्यात उत्तर सापडते.

ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी त्या ५,००० रुपयांची आहे. कर्ज ९०,००० चे लिहिले, पण ते मिळवण्यासाठी तुम्ही त्याच दिवशी ५,००० परत दिले, म्हणजे खऱ्या अर्थाने तुमच्या कामी ८५,००० आले. ८५,००० घेऊन ३,२५० चे ३६ हप्ते भरायचे, तर दर २२.१ टक्के होतो. तिसरी पायरी आगाऊ हप्त्याची आहे. पैसे घेतल्याच्या क्षणी पहिला हप्ता दिला, म्हणजे हातात ८१,७५० आले आणि ३५ हप्ते उरले. आता दर २३.५ टक्क्यांवर पोहोचतो. यातला कोणताही आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. मोबाइलमधल्या कोणत्याही स्प्रेडशीटच्या घरात पुढच्या ओळी एकेक करून टाका, उत्तर समोर येईल.

```
=RATE(36,-3250,90000)*12
=RATE(36,-3250,85000)*12
=RATE(35,-3250,81750)*12
```

कंसातला पहिला आकडा उरलेल्या हप्त्यांचा, दुसरा हप्त्याच्या रकमेचा आणि तिसरा हातात खरोखर आलेल्या रकमेचा आहे. हप्ता बाहेर जाणारा पैसा असल्याने त्याच्या आधी उणे चिन्ह लागते. उत्तर ०.२३५ असे दिसले तर ते २३.५ टक्के समजावे. दुसऱ्या कोणत्याही शोरूममध्ये, कोणत्याही योजनेत, हे तीन आकडे विचारून हीच एक ओळ चालवली की 'शून्य प्रोसेसिंग फी', 'कमी हप्ता', 'खास सणासुदीचा दर' या सगळ्या पाट्या एकाच मापात उतरतात.

आगाऊ हप्त्याबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते, कारण त्याविषयी बहुतेक ग्राहकांना काहीच ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात व्याज आकारणीतल्या काही अन्यायकारक प्रथा नोंदवल्या. हप्ते आगाऊ घ्यायचे आणि तरी व्याज पूर्ण कर्जरकमेवर मोजायचे, ही त्यांतलीच एक प्रथा होती. पहिला हप्ता आधीच घेतला असेल तर कर्ज ८६,७५० चे राहते आणि त्याच १७.९ टक्क्यांनी उरलेला हप्ता ३,२५० ऐवजी सुमारे ३,२०० यायला हवा. महिन्याला पन्नास रुपयांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण ३५ महिन्यांत तो १,७५० होतो. कर्जाची रक्कम गाडी ताब्यात येण्याच्या कितीतरी आधी वितरित झाल्याचे दाखवून त्या दिवसांचे व्याज लावले जात नाही ना, हेही परतफेडीच्या वेळापत्रकावरच्या पहिल्या तारखेवरून तपासावे.

कर्ज संरक्षण विमा म्हणजे कर्जदाराचा मृत्यू झाल्यास शिल्लक कर्ज फेडणारी पॉलिसी. ती वाईट वस्तू नाही, पण ती ऐच्छिक आहे. मी टेबलावर बसत असताना अर्जाच्या स्क्रीनवर त्या चौकटीत खूण आधीपासूनच केलेली असे आणि ग्राहक ओटीपी सांगून मोकळा होत असे. पुढे हप्ता थकल्यावर किंवा घरी वाद झाल्यावर तो विचारायला आला की आम्ही त्याला त्याचीच संमती दाखवत असू. त्या काळात मी हे किती जणांना आपणहून सांगितले नाही, याची खंत मला आजही आहे. म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो की ओटीपी देणे म्हणजे सही करणे, आणि त्या आधी स्क्रीन स्वतःच्या हातात घेऊन वाचावी.

वाचायचे काय, तर एकच कागद : 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे विवरणपत्र. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदतकर्जासाठी बँक असो वा वित्तकंपनी, तिने हे विवरणपत्र करार होण्याआधी, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात एपीआर, म्हणजे सर्व आकारणी धरून येणारा वार्षिक दर, लिहावा लागतो. कर्ज देणाऱ्याने स्वतःसाठी घेतलेली फी तर त्यात येतेच, शिवाय तिसऱ्याच्या नावाने तुमच्याकडून वसूल केलेला विम्यासारखा खर्चही त्यात धरावा लागतो. परतफेडीचे महिनेवार वेळापत्रक आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्कही त्यातच असतो. तुमच्या बाबतीत त्या कागदावर २३ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसायला हवा. तिथे १० किंवा १८ लिहिले असेल, तर काहीतरी हिशेबाबाहेर ठेवले गेले आहे आणि ते काय, हे सही करण्याआधी विचारण्याची ती वेळ आहे. विवरणपत्रात नसलेली आकारणी नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

याच नियमातली आणखी एक तरतूद पाडव्याच्या घाईत तुमच्या उपयोगी पडेल. विवरणपत्रातल्या अटी सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात. म्हणजे 'हा दर आजच्यापुरताच आहे' असे कोणी म्हणाले, तरी विवरणपत्र दिल्यावर त्या अटी तीन दिवस त्यांना मानाव्याच लागतात. विवरणपत्र सणाच्या आठवडाभर आधी हातात घ्या आणि घरी नेऊन वाचा. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर तेवढ्यावरून त्या टेबलावरून उठावे असे माझे मत आहे.

आता 'पैसे हातात ठेवा' या सल्ल्याविषयी. अडीअडचणीला काही रक्कम हाताशी असावी हे खरेच आहे, आणि ५०,००० पैकी शेवटचा रुपयाही गाडीत घालू नये. पण हा सल्ला देणाऱ्याला कर्ज जितके मोठे आणि मुदत जितकी लांब तितके अधिक मिळते, कारण कर्ज देणारी कंपनी वितरित रकमेवर शोरूमला आणि टेबलावरच्या माणसाला मोबदला देते. बचत खात्यात ठेवलेल्या पैशावर तुम्हाला अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास व्याज मिळेल आणि त्याच पैशाच्या बदल्यात तुम्ही साडेतेवीस टक्क्यांनी कर्ज फेडत राहाल.

समजा, तुम्ही किंमत ९९,१५० वर आणली, त्यातले ३९,१५० स्वतः भरले आणि फक्त ६०,००० कर्ज घेतले. हे कर्ज त्याच कंपनीकडून, त्याच दहा टक्के फ्लॅट दराने, पण २४ महिन्यांसाठी आणि आगाऊ हप्ता व ऐच्छिक विमा न घेता. व्याज १२,००० होईल आणि हप्ता ३,००० बसेल. म्हणजे आत्ताच्या हप्त्यापेक्षा २५० ने कमी आणि एक वर्ष आधी संपणारा. प्रोसेसिंग फी त्याच दोन टक्क्यांनी जीएसटीसह १,४१६ आणि कागदपत्रांचे ८७६ धरले तर पहिल्या दिवशी खिशातून ४१,४४२ जातील आणि साडेआठ हजार हाताशी राहतील. गाडी रस्त्यावर आणून कर्ज फिटेपर्यंतचा एकूण खर्च १,१३,४४२ होईल. टेबलावरच्या प्रस्तावात तो २६,२५० अधिक ३,२५० चे ३५ हप्ते, म्हणजे बरोबर १,४०,००० आहे. फरक साडेसव्वीस हजारांचा, म्हणजे तुमच्या एका पगाराहून अधिक आहे, आणि यात मी दर एका पैशानेही उतरवलेला नाही. साडेआठ हजार फारच कमी वाटत असतील तर ६५,००० कर्ज घ्या. हप्ता ३,२५० च होईल, फक्त ३६ ऐवजी २४ महिने भरावा लागेल.

दर उतरवायचा तर शोरूमबाहेर जावे लागेल. पगार ज्या बँकेत जमा होतो ती बँक, तुमच्या भागातली नागरी सहकारी बँक आणि कंपनीत पगारदार नोकरांची पतसंस्था असेल तर ती, या तीन ठिकाणी चौकशी करावी. विचारताना प्रश्न एकच : 'दर शिल्लक मुद्दलावरचा आहे ना?' समजा, १२ टक्के घटत्या शिलकीवर ६०,००० मिळाले, तर २४ महिन्यांचा हप्ता २,८२४ येतो आणि एकूण व्याज ७,८०० च्या आत राहते. या ठिकाणी कागद अधिक लागतात आणि मंजुरीला चार-आठ दिवस जातात. तुमचे पैसे मुदत ठेवीत असतील तर ती न मोडता तिच्यावर कर्ज घेणे सहसा याहूनही स्वस्त पडते, कारण ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच अधिक आकारतात. शोरूमच्या कर्जाचा एक खरा फायदा मात्र नाकारता येत नाही. ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही, ज्याचा सिबिलमध्ये इतिहासच नाही, त्यालाही ते तासाभरात मिळते, आणि वरचा दर काही अंशी त्या जोखमीचाही असतो. तुमच्याकडे नियमित पगार आहे. ती जोखीम तुमच्यात नसताना तिची किंमत तुम्ही मोजू नये.

'आत्ता घेऊन टाका, पुढे बोनस मिळाला की बंद करा' असेही तुम्हाला सांगितले जाईल, म्हणून मुदतपूर्व परतफेडीचा हिशेब आधीच करून ठेवतो. तुमच्या प्रस्तावात अठरा हप्ते भरल्यावर निम्मे कर्ज फिटले असे वाटेल, पण शिल्लक ४५,००० नसते. आगाऊ हप्ता बाजूला ठेवून मोजले तरी ती जवळजवळ ५१,००० असते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. पहिल्या हप्त्यातले १,३४४ व्याजाचे असतात, शेवटच्यातले अवघे ४८. पहिल्या दीड वर्षात २७,००० पैकी साडेएकोणीस हजार व्याज देऊन झालेले असते. उरलेले साडेसात हजार वाचवायला तुम्ही कर्ज बंद करता, आणि करारात पाच टक्के मुदतपूर्व शुल्क असेल तर जीएसटीसह ३,००० त्यात जातात. हाती साडेचार हजार लागतात. दुचाकी कर्जे बहुधा स्थिर दराची असतात, त्यामुळे बदलत्या दराच्या कर्जांवरचे मुदतपूर्व शुल्क बंद करणारे नवे नियम त्यांना सहसा लागू होत नाहीत. हे शुल्क किती आणि किती महिन्यांनंतर, हे विवरणपत्रातच पाहावे.

हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची मागून घ्या. पगार एक दिवस उशिरा आला आणि खात्यातून हप्ता परत गेला, तर कर्ज देणारी कंपनी आणि तुमची बँक दोघेही स्वतंत्र दंड लावतात. अशा दोन-तीन चुका वर्षभरात झाल्या तर तुम्ही वाचवलेली प्रोसेसिंग फी तिकडेच निघून जाते. विलंबाच्या दंडावर पुन्हा व्याज चढवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे. खात्याच्या उताऱ्यात तसे दिसले तर लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

शेवटचा हप्ता गेल्यावर कर्ज आपोआप आरसीवरून उतरत नाही. कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि त्यांच्या सहीचा फॉर्म ३५ घ्यावा लागतो, त्यावर तुमची सही करून आरटीओकडे बोजा उतरवण्याचा अर्ज करावा लागतो. ना-हरकत पत्रावर मुदत लिहिलेली असते, ती उलटू देऊ नका. त्याच सुमारास विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरची बोज्याची नोंदही काढून घ्या. ती राहिली तर गाडी चोरीला गेल्यावर भरपाईचा धनादेश आधी त्या कंपनीच्या नावाने निघतो, आणि फिटलेल्या कर्जाचे कागद शोधत तुम्हाला पुन्हा त्यांच्या दारात उभे राहावे लागते.